मातीचा नाग आणि उपाशी गारुडी

श्रावण लागला की नागपूरच्या गल्लीबोळांतून पूर्वी एक हाळी ऐकू यायची, ‘नागोबाला दूऽऽध!’ खांद्यावर कावड, कावडीत वेताच्या टोपल्या, हातात पुंगी. दारात टोपली उघडली जायची, टोपलीतला नाग फणा काढायचा, घरातली बाई हळदकुंकू वाहायची, वाटीभर दूध पुढे करायची आणि गारुड्याच्या झोळीत मूठभर तांदूळ, जुने लुगडे, रुपया-दोन रुपये टाकायची. आज ही हाळी जवळजवळ बंद झाली आहे. आता घरोघरी पाटावर मातीचा नाग येतो, नाहीतर भिंतीवर नाग काढला जातो. पूजा तीच, लाह्या त्याच, दूधही तेच. फक्त देव बदलला. जिवंत होता तो मातीचा झाला.

हा बदल कसा झाला, कोणामुळे झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. ‘हजारो वर्षांची परंपरा आहे, तिला कायद्याने हात लावू नये’ असे जे सांगतात, त्यांना या मातीच्या नागाने परस्पर उत्तर दिलेले आहे. परंतु हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे आपण द्यायचे आहे.

पहिली गोष्ट दुधाची. साप हा अंड्यातून जन्मणारा प्राणी. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचे अन्न. नागिणीला पान्हा नाही आणि नागाच्या पिल्लाच्या नशिबी दूध नाही. नागाचे अन्न म्हणजे उंदीर, बेडूक, लहान पक्षी, दुसरे साप. तहान लागली की तो पाणी पितो. मग दारातला नाग दूध कसा पीत होता? या प्रश्नाचे उत्तर भक्तीत नाही, टोपलीत आहे.

नागपंचमीच्या आधी काही आठवडे नाग पकडला जायचा. तो चावू नये म्हणून पक्कडीने त्याचे विषदंत उपटले जायचे. कोणी विषाच्या पिशवीला तापलेल्या सुईने टोचायचे, तर कोणी दोऱ्याने तोंडच शिवून टाकायचे, जेमतेम जीभ बाहेर येईल एवढी फट ठेवून. त्यानंतर त्याला टोपलीत कोंडून अन्न आणि पाणी दोन्ही तोडायचे. साप अन्नावाचून बरेच दिवस काढू शकतो, पाण्यावाचून मात्र तो कोरडा पडतो. असा तहानेने व्याकूळ झालेला नाग पंचमीच्या दिवशी समोर आलेले कोणतेही पातळ पदार्थ ओढून घेतो. तो दूध पीत नसतो, पाणी शोधत असतो. वाटीत तोंड बुडवून धरले की दूध श्वासनलिकेत शिरते, तिथून फुप्फुसात जाते. ते तिथेच नासते आणि न्यूमोनिया होतो. पोटात गेलेले दूधही त्याला पचत नाही. उपटलेल्या दातांच्या जागी तोंड आतून कुजत असतेच. पंचमी संपते, गारुडी गाव सोडतो आणि नाग काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, मरतो. आपल्या दारात तो मरत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही, एवढेच. डोक्यावर वाहिलेले कुंकू डोळ्यात जाते ते वेगळे. सापाला पापण्या नाहीत, डोळा मिटून घेण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही.

अजूनही एखादा गारुडी आडवळणाच्या वस्तीत येतो. त्याच्या टोपलीतला नाग पाहूनच हे सारे ओळखता येते. कातडी सुरकुतलेली आणि निस्तेज असते, तोंडाच्या कडा सुजलेल्या असतात, फणा काढला तरी तो टिकत नाही, जबडा धड मिटत नाही. पुंगीच्या सुरावर तो डोलतो असे म्हणतात, पण तो पुंगीच्या आणि गुडघ्याच्या हालचालीवर नजर ठेवून असतो. भ्यालेले जनावर आपल्यासमोरच्या वस्तूबरोबर डावीउजवीकडे वळत राहते, त्याला आपण नाच म्हणतो.

असा नाग दिसला तर गारुड्याला मारहाण करू नये, नागही ओढून घेऊ नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे अशा प्राण्यांवर उपचार होतात. उत्साहाच्या भरात तो नाग जवळच्या नाल्याकाठी सोडून देणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणे होय. दात नसलेला नाग उंदीर मारू शकत नाही. नागाला नवे दात येतात, पण मूळ जागा जायबंदी झालेली नसेल तरच. तो सोडण्याजोगा आहे की नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते.

दुसरी गोष्ट मातीची. आजकाल असे म्हटले जाते की मातीचा नाग ही तडजोड आहे, खरी पूजा जिवंत नागाचीच. हे खरे नाही. आमच्या विदर्भात काय आणि उर्वरित महाराष्ट्रात काय, घरातली पूजा पूर्वीपासून चित्राची, मातीची आणि वारुळाची आहे. भिंतीवर किंवा पाटावर गंधाने, हळदीने नाग काढायचा; त्याला ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, दूध वाहायचे; बायकांनी वारुळाला जायचे. त्या दिवशी चुलीवर तवा ठेवायचा नाही, विळीने चिरायचे नाही, शेतात नांगर घालायचा नाही. उकडलेले खायचे, म्हणून पुरणाचे दिंड. आदल्या दिवशी बहिणीने भावासाठी उपवास धरायचा. या साऱ्या रीतीभातीत जिवंत नाग कुठेही लागत नाही. तो दारात आला गारुड्याबरोबर.

खुद्द ज्या गावाच्या नावावर जिवंत नागाची पूजा सांगितली जाते, त्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची कथाच पाहा. गोरखनाथ भिक्षेला आले तेव्हा एका घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा द्यायला तिला उशीर झाला. ‘जिवंत नाग आला तर पुजशील का?’ असे नाथांनी विचारले आणि तेव्हापासून तिथे जिवंत नाग पुजला जाऊ लागला, असे सांगतात. कथा खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवू. पण कथेनेच कबूल केले आहे की आधी माती होती, जिवंत नाग नंतर आला. जे नंतर आले ते जाऊही शकते. सनातन म्हणून जे मिरवले जाते त्याची जन्मतारीख त्यांच्याच पोथीत सापडते, ती अशी.

तिसरी गोष्ट कायद्याची. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ केवळ ठार मारणे असा नाही. पकडणे, सापळा लावणे, जखमी करणे, शरीराचा एखादा भाग काढून घेणे, हे सारे शिकारच आहे. कलम ९ प्रमाणे ती शिकार गुन्हा आहे. म्हणजे नाग टोपलीत भरला त्या क्षणी शिकार झाली आणि दात उपटला तेव्हा ती पुन्हा झाली. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. तिने परिशिष्टांची फेरमांडणी केली आणि नाग पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीत, जाऊन बसला. या परिशिष्टातील प्राण्याच्या शिकारीला किमान ३ वर्षे आणि जास्तीत जास्त ७ वर्षे कैद आहे, शिवाय दंड. याच्या शेजारी प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा ठेवून पाहा. त्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये! ज्या देशात दयेची किंमत पन्नास रुपये आहे, तिथे नागाला वाचवले ते दयेने नव्हे, वन्यजीव कायद्याने.

धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा लगेच पुढे येतो. राज्यघटनेचे कलम २५ धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीन राहून देते. त्याच घटनेच्या कलम ५१ क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे आणि वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे ही नागरिकांची कर्तव्ये सांगितली आहेत. कायद्याने कोणाची पूजा बंद केली नाही. पूजेसाठी दुसऱ्या जिवाला टोपलीत कोंडण्याचा हक्क तेवढा नाकारला. पूजा मातीपुढे चालूच राहिली, यातच ती आवश्यक बाब नव्हती हे सिद्ध झाले.

आता शिराळ्याचे प्रकरण तपशिलाने पाहू, कारण तिथे जे घडते ते उद्या सर्वत्र घडू शकते. शिराळ्यात पंचमीच्या आधी काही दिवस तरुणांची मंडळे रानात जाऊन नाग पकडत, मडक्यात ठेवत, पंचमीला अंबाबाईच्या देवळात नेत, वाहनांवरून मिरवणूक काढत आणि कोणाच्या नागाचा फणा मोठा, कोणाचा नाग लांब अशा स्पर्धा लावत. नंतर नाग सोडून देत. गावकऱ्यांचे म्हणणे असे की, आम्ही दात काढत नाही, आमच्या गावात नाग मारत नाही, उलट आम्हीच त्याचे रक्षक आहोत. या म्हणण्यात तथ्यांश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. शिराळ्याचा मडक्यातला नाग आणि गारुड्याच्या टोपलीतला नाग यांच्या हालात फरक आहे. परंतु कायद्यात ‘पकडणे’ हीच शिकार आहे. शिवाय ढोलताशे, लाखोंची गर्दी आणि हातोहात फिरणारा फणा यांत जनावराला जो ताण बसतो तो श्रद्धेने कमी होत नाही. २००२ पासून हा वाद न्यायालयात गेला आणि २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने जिवंत नाग पकडून त्यांची पूजा व प्रदर्शन करण्यास मनाई केली. त्यानंतर शिराळ्यातही पूजेला नाग आला तो मातीचा किंवा चित्रातला. म्हणजे ज्या कथेत मातीचा नाग जिवंत झाला, त्या कथेचे चक्र उलटे फिरून पुन्हा मातीवर आले. आकाश कोसळले नाही. गावावर नागाचा कोप झाला नाही.

मग निवडणूक आली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शिराळ्याच्या नागपंचमीचा विषय प्रचाराच्या व्यासपीठावर आला. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २१ नाग पकडण्याची परवानगी दिली. ही परवानगी पूजेसाठी नव्हती. कागदावर तिचे कारण ‘शिक्षण’ असे होते. पारंपरिक ज्ञान तरुण पिढीला देण्यासाठी. मिरवणूक नको, स्पर्धा नको, मनोरंजन नको, अशा अटी होत्या.

वाचकांनी हे कारण का शोधावे लागले ते ध्यानात घ्यावे. वन्यजीव कायद्याच्या कलम १२ मध्ये काही विशेष प्रयोजनांसाठी परवाना देण्याची सोय आहे. शिक्षण, वैज्ञानिक संशोधन, प्राणिसंग्रहालये व वस्तुसंग्रहालये यांच्यासाठी नमुने, आणि जीवरक्षक औषधासाठी सापाचे विष काढणे, अशी ती प्रयोजने आहेत. त्या यादीत पूजा नाही. नाग पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे परवान्याला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. पूजेला दार नाही म्हणून पूजा शिक्षणाच्या दाराने आत आली. आम्ही विचारतो, नागाचे शिक्षण द्यायचे तर ते पंचमीच्याच आठवड्यात का? नाग कसा ओळखावा, चावल्यावर काय करावे, वारूळ का खणू नये, हे चित्रावरून, चित्रफितीवरून, सर्पतज्ज्ञाच्या तोंडून शिकवता येत नाही काय? कोणताही शिक्षक सांगेल की या पाठासाठी २१ नाग मडक्यात भरण्याची गरज नाही. मिरवणूक आणि स्पर्धा वगळायची असेल तर नाग पकडण्यात शिल्लक काय राहते? जे शिल्लक राहते तेच मागणाऱ्यांना हवे होते. म्हणून ही परवानगी कायद्याच्या अक्षराला धरून असली तरी त्याच्या हेतूला धरून नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि आता ती चौथी गोष्ट, जी नागपंचमीवर लिहिणारे प्राणिमित्र सहसा लिहीत नाहीत. गारुड्याचे काय झाले?

महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत मांग, मातंग या नोंदीतच ‘मदारी’ आणि ‘गारुडी’ ही नावे आहेत. म्हणजे टोपली घेऊन दारोदार फिरणारा हा माणूस आपलाच आहे, गावकुसाबाहेरचा, बहुधा पालात राहणारा. जमीन नाही, गाव नाही, कित्येकदा जातीचा दाखला नाही, कारण दाखल्याला राहण्याचा पुरावा लागतो आणि जो कुठेच राहत नाही त्याने पुरावा आणायचा कुठून? नाग दाखवून दूध मागणे हा त्याचा शौक नव्हता. वर्णव्यवस्थेने त्याच्या वाट्याला टाकलेला तो धंदा होता. नाग हवा होता वाड्यातल्या पूजेला. पाप, विष आणि मरणाचा धोका मात्र टोपलीवाल्याने उचलायचा. कायदा आला तेव्हा हळदकुंकू वाहणारीवर गुन्हा नोंदला गेला नाही. पकडला गेला तो टोपलीवाला. पंगतीत वाढप झाले एकाचे आणि उष्टी काढली दुसऱ्याने.

याचा अर्थ कायदा चुकीचा असा नाही. नागाचे हाल आम्हाला मान्य नाहीत, गारुड्याची मुले हाच धंदा पुढे चालवोत असेही आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडायला सांगितले तेव्हा धंदा बुडेल म्हणून रडणारे होतेच. परंतु धंदा हिसकावणाऱ्या सरकारने पुढची भाकरी दाखवायला हवी होती, आणि ती दाखवण्याची वाट त्याच कलम १२ मध्ये आहे.

तामिळनाडूत इरुला नावाची आदिवासी जमात आहे. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडून कातडी विकणे हा तिचा व्यवसाय. कातड्यांचा व्यापार बंद झाल्यावर ती उपासमारीला लागली. तेव्हा सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली इरुलांची सहकारी संस्था उभी राहिली. ती सरकारच्या परवान्याने ठरावीक संख्येत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे पकडते. साप मातीच्या मडक्यात सुमारे तीन ते चार आठवडे ठेवतात, तेवढ्या काळात चार वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात म्हणजे तोच साप लगेच पुन्हा पकडला जाऊ नये, आणि रानात सोडून देतात. त्या विषापासून सर्पदंशावरची लस बनते. २०२३ साली या जमातीच्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघांना पद्मश्री मिळाली. शिराळ्यात मडके आहे आणि इरुलांकडेही मडके आहे. एका मडक्यातून मिरवणूक निघाली, दुसऱ्यातून औषध.

विदर्भाला या गोष्टीची गरज दुसऱ्या कारणानेही आहे. सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते. दक्षिणेतील सापांच्या विषापासून बनवलेली लस दुसऱ्या प्रदेशातील दंशावर तेवढीच लागू पडेल असे नाही, हे आपल्याच देशातील संशोधनातून पुढे आले आहे. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला उतरणारी बाई अनवाणी असते. रोवणीचा आणि नागपंचमीचा हंगाम जवळपास एकच. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज अभ्यासकांनी २०२० साली मांडला. यात बहुसंख्य खेड्यातली, शेतात राबणारी माणसे. ही माणसे कोणत्या जातीची असतात हे वेगळे सांगायला नको. विदर्भातील गारुड्यांची अशी सहकारी संस्था निघाली, तिला कलम १२ खाली परवाना मिळाला, तर त्यांच्या हातातले पिढीजात कौशल्य गुन्हा न ठरता औषध ठरेल. अर्थात हे रातोरात होणार नाही. त्याला विष साठवण्याची प्रयोगशाळा लागते, पशुवैद्य लागतो, विष विकत घेणारी लस कंपनी लागते, आणि ज्याला साप पकडायचा नाही त्या गारुड्याच्या मुलीसाठी वसतिगृह लागते. परंतु शिराळ्याची फाइल दिल्लीपर्यंत जाऊ शकते, तर गारुड्याची फाइल नागपूरच्या वनभवनापर्यंतही का जात नाही? फाइल मतांच्या वजनाने सरकते, हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच आपण ती सरकवली पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळू. मातीचा नाग हे पुढचे पाऊल आहे, शेवटचे नव्हे. जिवंत नागाची सुटका झाली. बाईची सुटका झालेली नाही. भावासाठी उपवास तिचाच, वारुळाला जाणे तिचे, दिवसभर राबून उकडीचे रांधणे तिचे. वारुळात ओतलेले दूध नागापर्यंत पोचत नाही, त्याला मुंग्या लागतात. पण घरातल्या लेकराच्या पेल्यातून ते कमी झालेले असते. आपल्या वस्त्यांतही काही माउल्या शेजारणीबरोबर हा उपवास धरतात, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांना रागावून उपयोग नाही. त्यांच्या मनात भावाचे प्रेम आहे आणि सापाची भीती आहे. दोन्ही खऱ्या आहेत. नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिल्ले मरतात आणि नागीण घराण्याचा सूड घेते. या कहाणीतला सूड खोटा, पण पावसाळ्यात पिल्ले बाहेर पडतात आणि नांगराखाली येतात हे निरीक्षण खरे. भाव जपायचा आणि भीती घालवायची तर उपवासापेक्षा खात्रीचे उपाय आहेत. भावाला शेतात जाताना गमबूट घेऊन द्यावा, रात्री बाहेर पडताना बॅटरी द्यावी, घराभोवतीचा कचरा आणि उंदरांची बिळे काढावीत. साप चावलाच तर पाय बांधून, चिरून, विष चोखून वेळ घालवू नये. हलवाहलव न करता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नये. साप चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. त्याच्या अनुसूचीत सर्पदंशाचा स्पष्ट उल्लेख आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले तेव्हा हा कायदा आला, आणि तो आला त्यांच्या खुनानंतर.

आणि नागाचे आपले नाते? ते आहे, पण वारुळातल्या नागाशी नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी हे शहर का निवडले ते सांगितले होते. बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक होते, ते आर्यांचे शत्रू होते, त्यांची वस्ती या भागात होती, या शहराचे आणि इथल्या नदीचे नाव त्यांच्यावरून आले, असे त्यांनी समजावले. नाग ही माणसे होती. ज्यांनी त्यांचा इतिहास पुसला त्यांनी माणसाचा सरपटणारा प्राणी केला आणि मग वर्षातून एक दिवस त्याला दूध पाजले. आपल्या पूर्वजांची आठवण ठेवायची तर ती पाटावरच्या नागापुढे लाह्या वाहून ठेवता येत नाही.

सापाशी कसे वागावे हेही धम्मात सांगितले आहे. एक भिक्खू सर्पदंशाने मरण पावला तेव्हा भगवान बुद्धांनी सर्पकुळांविषयी मैत्रीभावना बाळगण्याचा उपदेश केला, असे अहिराज सुत्तात येते. त्यात दूध नाही, उपवास नाही, टोपली नाही. मैत्री म्हणजे सापाला त्याच्या वाटेने जाऊ देणे. हे सुत्त साप उतरवण्याचा मंत्र म्हणून वापरू नये, एवढी सूचना मात्र आपल्याच लोकांना द्यावी लागते.

वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू असते. नागपंचमी त्याच दिवसांत येते. आमची सूचना अशी की, त्या दिवशीच्या वाचनानंतर विहारात एक सर्पमित्र आणि एक डॉक्टर बोलवावा, आणि त्याच बैठकीत जवळच्या पालावरील गारुड्यालाही बोलवावे. नाग कुठे सापडतो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नाही. त्याच्या मुलांच्या जातीच्या दाखल्याचे आणि शाळेचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. शेजारच्या घरी पाटावर मातीचा नाग बसलेला असेल. त्याच्यापुढची दुधाची वाटी त्या मुलांच्या हाती गेली, तरच हा बदल पुरा झाला असे आम्ही मानू.

जयभीम.